परत दिलेलं प्यादं

कवळीवाल्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या हसण्यासाठी दात घडवले. निवृत्त झाले, तेव्हा स्वतःचं हसू दाखवायला घरात कोणी उरलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, खोलीत एक पट, पटावर बुद्धिबळाचा एक डाव. दर पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड येई, त्याच दिवशी उत्तर जाई. कार्डावर एक चाल, चालीखाली दोन ओळी. एवढाच त्यांचा शेजार.

पलीकडे होत्या सुईणबाई, दूरच्या गावच्या, कधी न भेटलेल्या. पांढऱ्या सोंगट्या त्यांच्या. सुरुवातीलाच त्यांनी प्यादी पुढे करून करून यांना दोन जास्तीची खाऊ घातली, आणि तेवढ्या वेळात दोन्ही उंट मोकळे करून यांच्या राजाच्या दारावर रोखले. ताज्या कार्डात लिहिलं होतं, "खा, लाजू नका. पोटात दुखलं तर हाक मारा, धंद्याचीच बाई आहे मी."

कवळीवाले एकटेच हसले. मग पटाकडे पाहिलं आणि हसू विरलं.

दोन प्यादी गाठीला होती खरी, पण यांची सारी फौज अजून घरात झोपलेली. आता तिचा वजीर बाहेर आला, की उंटाच्या जोडीनं राजाशेजारच्या प्याद्यावर धाड घालणार. यावर उतारा एकच: वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारून तिच्या उंटाच्या तोंडी द्यायचं. उंट ते घेईल. घोडा काढायचा. उंट राजाजवळचं प्यादं घेऊन शह देईल, राजानं त्याला मारायचं. मग ती आपला वजीर मारेल, आणि तेव्हाच आपल्या उंटाचा शह, त्याच्यामागून हत्ती तिच्या वजिरावर! तिला वजीर आडवा घालावाच लागेल. वजिरास वजीर, उंटास उंट, प्यादी सारखी. वादळ शमलं.

पण हे आजच. तिनं कॅसलिंग करून राजा कोपऱ्यात नेला, की तो शह उरत नाही. मग वजीर जातो तो जातोच.

बहिणीचा फोन आला. "दादा, जेवलास का?"

"प्यादं परत द्यावं की नाही, ते बघतोय."

"घेतलेलं परत? आपल्या खानदानात कुणी दिलंय?"

"दिलं तर वाचतो."

"मग दे की! अडलंय कुठं?"

"वाचलो की डाव संपतो गं."

"येऊन राहा म्हटलं तर येत नाहीस," ती एवढंच म्हणाली.

अडलं होतं ते इथेच. आधीचा खेळाडू, एक मोजणीदार, दोघांचे वजीर गेल्यावर लगेच बरोबरी मागून नमस्कार लिहून मोकळा झाला होता. त्यानंतर दीड वर्ष टपालपेटीत नुसती धूळ. दोन्ही प्यादी धरून बसलं, तर हरू. पण हरेपर्यंत पंधरा कार्डं तरी येतील. पंधरा कार्डं म्हणजे सात-आठ महिने.

त्यांनी तशी चाल लिहिलीही. मग कार्ड उलटं ठेवून खिडकीत उभे राहिले. समोरच्या गच्चीत कुणाचा तरी सदरा वाळत हात हलवत होता. ती बाई तिकडे जीव ओतून खेळतेय, आणि आपण तिला खोटी चाल पाठवायची? न बसणारी कवळी आपण कधी गिऱ्हाईकाच्या हाती दिली नाही.

ते कार्ड फाडलं. नव्यावर प्यादं परत दिलं. आणि टपालाच्या डावाचा शिष्टाचार म्हणून पुढच्या जर-तर चालीही लिहिल्या: तुम्ही हे घेतलंत तर माझं हे, ते घेतलंत तर ते. पाच कार्डांचं काम एका कार्डात.

एकवीस दिवस पेटी रिकामी. बाविसाव्या दिवशी कार्ड आलं.

"सगळं मान्य. शेवटी घोड्यानं तुमचा उंट मारला. देण्याची वेळ बरोबर साधलीत, हाडाचे खेळाडू आहात. पण पाच चाली एका दमात उरकल्यात, तेव्हा तुम्हाला घाई दिसते. म्हातारीच्या कार्डांचा कंटाळा आला असेल. हवी तर बरोबरी घ्या. राग नाही."

कवळीवाले जिन्यातच बसले. कार्ड पुन्हा वाचलं. तिकडेही अशीच एक रिकामी पेटी असेल, हे इतक्या महिन्यांत मनाला शिवलं नव्हतं.

वर येऊन त्यांनी पट पाहिला. एका बाजूला यांची तीन प्यादी तिच्या एकासमोर. दुसरीकडे तिची चार यांच्या दोनांसमोर. दोघांनाही वाट मोकळी, वाट लांब.

त्यांनी लिहिलं, "हत्ती राजाच्या रांगेत, नजर तुमच्या प्याद्यावर. बरोबरी नको. घाई नव्हती हो. इथे घाई करायला आहे कोण?"

या वेळी जर-तर काही लिहिलं नाही. एकच चाल. चपला पायात सरकवून ते कोपऱ्यावरच्या पेटीकडे निघाले.