चंदनच्या नावावरचा नंबर

ही गोष्ट २०२४ सालची. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मे महिन्यात दहा तारखेला आली होती आणि तिच्या मागोमाग आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. म्हणून ते साल माझ्या नीट लक्षात आहे. गल्लीत दिवसभर प्रचाराच्या रिक्षा ओरडत फिरायच्या.

आखाजीच्या दोन-तीन दिवस आधी मालूबाई निंबोल्याहून माझ्याकडे शहरात, बुधवाऱ्यात आली. मालू माझी चुलत बहीण. मला या हिंदी मुलखातल्या शहरात दिली, तिला गावातच, शालिग्रामला. सांजोऱ्यांसाठी रवा, खोबरं घ्यायचं म्हणून ती बसनं आली आणि स्टँडवरून रिक्षात बसली. रिक्षात सहा बायका कोंबलेल्या. माझ्या दारात उतरून तिनं कमरेला हात लावला आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.

"अक्का, पिशवी नाही वं."

"कोणती पिशवी?"

"फोनची. चंदनची."

तिचा चेहरा पाहून मी तशीच उठले. घरात जाऊन माझ्या फोनवरून तो नंबर लावला. एकदा रिंग गेली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला तर बंद.

चंदन तिचा एकुलता एक मुलगा. चार वर्षांपूर्वी केळीची गाडी भरताना बापलेकाचा वाद झाला. लग्नावरून होता. शालिग्रामनं मजुरांसमोर जवान मुलाच्या थोबाडीत मारली. चंदन तिथून निघाला. घरी आला, अंघोळ केली, खाटेवर फोन ठेवला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला. कुठं, ते आजवर माहीत नाही. पण दर आखाजीला तो फोन करायचा, स्वतःच्याच नंबरवर. दुसऱ्या कुणाचा नंबर त्याला पाठ नव्हता, सगळे त्या फोनमध्येच होते. कुणाच्या तरी हातातला फोन मागून तो लावायचा. "आई, बरी आहेस ना? सांजोऱ्या केल्या का?" एवढंच. शालिग्रामचा खोकला ऐकू आला की फोन ठेवायचा. आम्ही उलट फोन लावला की कधी सुरतेचा ड्रायव्हर बोलायचा, कधी कुठल्या स्टेशनवरचा प्रवासी. "भाईने माँगा था, दे दिया, हमको क्या मालूम."

म्हणून मालू तो फोन देवाच्या टाकासारखा जपायची. दरमहा न चुकता रिचार्ज करायची. न्हाणीत जातानाही दारात ठेवायची.

आमच्या लहानपणी निंबोल्यात एकच टेलिफोन होता, पाटलांच्या ओसरीवर. तो नंबर कुणा माणसाचा नव्हता, घराचा होता, खरं तर गावाचाच होता. मुंबईहून कुणाचा फोन आला की पाटलीणबाई गच्चीतून हाक मारायच्या आणि त्या घरची बाई पिठाचे हात घेऊन धावायची. पाटील मेले, त्यांचा मुलगा मेला, तरी नंबर तोच राहिला. आम्हाला वाटायचं नंबर असाच असतो, विहिरीसारखा.

मी नंबर लावत होते तेवढ्यात तृप्ती आली, तिनं सगळं ऐकलं. ही शालिग्रामच्या बहिणीची मुलगी, इथं कॉलेजात शिकते, माझ्या वरच्या खोलीत राहते. ती हुशार आणि घाईची.

"मामी, आधी सिम ब्लॉक करायला पाहिजे. बँकेला हाच नंबर जोडलाय ना? ओटीपी घेऊन खातं साफ करतील!"

"कर बाई, काय करायचं ते कर. पण नंबर मले परत पाहिजे."

"मिलेगा मामी, टेन्शन मत लो. तोच नंबर मिळतो. माझ्या मैत्रिणीला तासाभरात मिळाला."

तिनं कस्टमर केअरला फोन लावला. त्यांनी सिम कुणाच्या नावावर आहे ते विचारलं, जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला. तृप्तीनं चंदनचं सगळं सांगितलं आणि सिम बंद झालं. ते करणं बरोबरच होतं. आजही कुणाचा फोन हरवला तर मी हेच सांगेन.

मग आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. तिथले अर्धे शिपाई निवडणुकीच्या कामात होते. टेबलावरच्या हवालदारानं लिहायला घेतलं. "क्या गुम हुआ?"

"मेरे लड़के का..." एवढं बोलून मालू थांबली.

"लड़का गुम हुआ कि मोबाइल?"

मालू रडायला लागली. हवालदार गोंधळला. तृप्तीनं पुढं होऊन मोबाइल सांगितलं. त्यानं खोक्यावरचा आयएमईआय नंबर मागितला. खोकं निंबोल्याला माळ्यावर होतं. शालिग्रामनं शेजारच्या पोराकडून त्याचा फोटो पाठवला. तक्रारीची शिक्का मारलेली प्रत मिळाली. ती जोडून तृप्तीनं सरकारी पोर्टलवर तो फोनही बंद करायला टाकला. त्यात कुणी दुसरं सिम घातलं की पोलिसांना कळतं, असं ती म्हणाली. ओटीपी तिच्या स्वतःच्या फोनवर आला. मालूला यातलं काही कळलं नाही. ती एकच विचारत होती, "नंबर कधी?"

नंबरासाठी कंपनीच्या दुकानात गेलो. निरंजन नावाचा मुलगा काउंटरवर होता. आधी मालूला त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. पोलिसांची प्रत पाहिली, मालूचं आधार पाहिलं, कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि त्याचे हात थांबले.

"आजी, ये सिम चंदन शालिग्राम के नाम पे है. तुमच्या नावावर नाही."

"माझा मुलगा आहे तो. मीच पैसे भरते दर महिन्याला."

"रिचार्ज कोई भी कर सकता है, आजी. पण डुप्लिकेट सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतं. त्याचं आधार, त्याचा अंगठा इथं लागेल." त्यानं समोरचं काळं छोटं यंत्र दाखवलं. "उनको ले आओ ना. दस मिनट का काम है."

तृप्ती माझ्याकडे पाहू लागली, मी जमिनीकडे.

"कहाँ हैं वो?"

मालू पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तो गेला, बाबा. चार वर्षं झाली. गेला."

निरंजननं हात जोडले. खालच्या आवाजात म्हणाला, "सॉरी आजी. पहले बताना था. मग डेथ सर्टिफिकेट आणा. वारस म्हणून तुमचं आधार, घरच्यांची ना-हरकत. नंबर तुमच्या नावावर होईल. हमेशा के लिए."

मी म्हणणार होते की बाळ, तसं गेला नाही. पण 'तुमच्या नावावर होईल' हे शब्द मालूनं ऐकले होते. तिनं माझा हात घट्ट धरला.  आमच्या मागं रिचार्जसाठी निंबोल्याचाच गजानन उभा होता. त्यानंही ऐकलं, टोपी काढली.

मालूसोबत मीही निंबोल्याला गेले. शालिग्राम ओट्यावर बसला होता. सगळं ऐकून तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"पंचायतीचा सचिव ओळखीचा आहे," शेवटी म्हणाला. "बाहेरगावी वारला म्हणू. दाखला निघतो का पाहतो."

"भाऊ, तो गुन्हा आहे," मी म्हटलं. "आणि मुलगा उद्या दारात आला तर? जिवंत असल्याचा कागद कोण देईल त्याला?"

"कागदावर मेला म्हणून कोणी मरते का, अक्का? हिले आवाज ऐकू दे त्याचा. मी तोंडानं बोलवू नाही शकत त्याले. एवढं तरी करतो."

चार वर्षांत मुलाबद्दल तो इतकं कधी बोलला नव्हता. मालू चुलीपाशी होती. आमच्याकडे न पाहता म्हणाली, "आणा. मले आवाज पाहिजे."

आखाजी उजाडली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज आणि सांजोरी ठेवतात. मालूनं सासू-सासऱ्यांची घागर पुजायला घेतली. ती कुंकू लावत होती तेवढ्यात अंगणात हंबरडा फुटला. गजाननची बायको लीला, डोक्यावर पदर ओढून, हातात खरबूज घेऊन आत आली.

"कशी वं माय, सांगितलं नाही कोणाले! पोराची पहिली घागर, आणि आम्ही घरात गोडधोड खातो! घे, हे त्याच्या नावानं ठेव."

मालू खरबुजाकडे पाहत राहिली. लीलाचं मन चांगलं होतं. तिनं खाली बसून स्वतःच कोरी घागर पुढं ओढली, तिला सूत गुंडाळायला लागली.

"ठेव ती," मालू म्हणाली.

"बाई, रडून घे—"

"ठेव म्हणते ना! माझा पोरगा मेला नाही. गेला म्हटलं मी. गेला म्हणजे घरातून गेला!"

लीला तशीच खरबूज तिथं टाकून पळाली. मालू शालिग्रामकडे वळली. "दाखला नको. आवाज नको. घरात त्याची घागर नको."

शालिग्राम मान खाली घालून शेताकडे निघून गेला. दिवसभर झोक्यावर मुली गात होत्या. मी माझ्या फोनवरून दोन-तीनदा तो नंबर लावला. एक बाई सांगायची की ही सेवा उपलब्ध नाही. तेच चंदनलाही ऐकू गेलं असणार. बापानं नंबर तोडला असंच तो समजला असेल. आणि समजावून सांगायला आमच्याकडे त्याचा पत्ता नव्हता.

पुढं तृप्तीनं मालूला तिच्या नावावर नवं सिम घेऊन दिलं. त्या नंबरवर बँकेचे मेसेज येतात, माझा फोन येतो. सिमच बंद, म्हणून जुन्या नंबरचं रिचार्ज कुणाला करता येईना. नंबर मेला, महिने गेले आणि कंपनीनं तो दुसऱ्याला दिला. मालू रोज तो लावून पाहायची, म्हणून तिलाच ते आधी कळलं. एका सकाळी रिंग गेली. तिच्या हातातून फोन पडता पडता राहिला.

"हॅलो, चंदन?"

"राँग नंबर." शीतल नावाची मुलगी होती, इंदूरकडची. मालूनं तिला सगळं सांगितलं. आखाजीला कुणी आई आहे का म्हणून विचारलं तर माझा हा नवा नंबर दे, असं मालू म्हणाली. "ठीक है अम्मा," ती म्हणाली. पण ती विसरली तर नाही ना हे पाहायला मालू दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी त्या मुलीनं मालूचा नंबर ब्लॉक केला. तिचंही काय चुकलं? मी माझ्या फोनवरून एकदा लावला, तेव्हा म्हणाली, "आखाजी क्या होता है, आंटी? मुझे तो याद भी नहीं रहेगा."

हरवलेला फोन मात्र सापडला. खंडव्यात कुणीतरी त्यात सिम घातलं होतं. पोलिसांनी सापडलेले फोन वाटायचा कार्यक्रम केला, साहेबांच्या हातून मालूला तो मिळाला, पेपरात फोटो आला. फोटोत सगळे हसत आहेत, मालू सोडून. घरी येऊन तिनं तो शालिग्रामच्या हातात दिला. आत काहीच नव्हतं, सगळं पुसलेलं.

शालिग्राम पुढच्या थंडीत वारला. त्याचा दाखला चार दिवसांत निघाला. त्याची चिता पुतण्यानं पेटवली. तृप्ती जळगावला बँकेत लागली. सिम आपल्या नावावर आहे का हे ती भेटेल त्याला विचारते. निरंजन त्या दुकानात आता नाही. लीला अजून मालूच्या दारावरून जाताना रस्ता बदलते. मालू निंबोल्यातच आहे, शेत बटाईनं दिलंय, गुडघे गेलेत. आखाजीला सांजोऱ्या करते, तिच्याच्यानं खाल्ल्या जात नाहीत, म्हणून माझ्याकडे पाठवते.

चंदनची काही खबर नाही.