निपुत्रिक

मोडी वाचायला लोक माझ्याकडे येतात ते देवळात नवस बोलायला आल्यासारखे. त्यांना हवं तेच कागदात निघायला हवं, नाहीतर मोडीवाचक अडाणी! ही नर्सबाई मात्र निराळी. रेकॉर्ड रूमच्या बाहेर माझ्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "काका, जे असेल ते सांगा. जमिनीत आमचं नाव लागत नाही. चुलत घराणं म्हणतं, तुम्ही आमचे नाहीतच, तुमचं आडनावच वेगळं."

आडनावाचं काय घेऊन बसलात, असं मी फणकारलो. जुन्या कागदांत एकच माणूस कधी 'कर' लावून येतो, कधी मधलं अक्षर गिळून, तर कधी नुसता 'अमुक बिन तमुक', म्हणजे तमुकाचा मुलगा. शिवाय मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही की दोन शब्दांत जागा नाही. लिहिणाऱ्याला जसं ऐकू आलं, तसं त्यानं उतरवलं. म्हणून मी आडनाव सोडून शेत धरतो. सर्व्हे नंबर आणि चारी बाजूंचे शेजारी जुळले, की माणूस सापडतो.

तिसऱ्या दिवशी फेरफाराच्या वहीत नोंद सापडली. तिच्या पणजोबांचा मृत्यू, तेच शेत, तेच शेजारी. पुढे लिहिलं होतं: वारस मुलगा, अज्ञान (म्हणजे वयात न आलेला), पालक चुलता. आडनाव तिसऱ्याच तऱ्हेचं. तो अज्ञान मुलगा म्हणजे तिचे आजोबा. पालक म्हणून चुलत्याचं नाव लागलं आणि ते तिथेच चिकटून राहिलं.

मी खूश झालो. "घ्या, तुमचं काम झालं! आता त्यांची वंशावळ दाखवा, कुठल्या शहाण्यानं तुम्हाला उडवलं ते बघू."

तिनं पिशवीतून टाइप केलेला कागद काढला. पणजोबांच्या नावापुढे 'निपुत्रिक'. खाली बावीस वर्षांपूर्वीची सही माझी.

तेव्हा मी नवखा होतो, घाईत होतो. चुलत घराण्यानं दिलेलं आडनाव जिथे दिसलं, तेवढीच पानं मी वाचली होती. मुलगा दिसला नाही, म्हणून मी तो नाहीच असं लिहून टाकलं. 'आढळला नाही' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

"सही माझी आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच तुमच्याकडे आले."

मी कोरा कागद ओढला. आधीचं वाचन अपुरं होतं, चूक माझी आहे, असं लिहून सही केली. आता सुनावणीत दुसऱ्या बाजूचा वकील माझी सालटी काढणार, आणि बाकीचे माझे कागदही लोक उलटून बघणार. बघूदेत.

तिनं कागद दोनदा वाचला.

"तुमचा तो जुना कागद दाखवून गावानं बाबांना उपरा म्हटलं," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तेही मला सांगायचे, पोरी, सोड, आपण त्यांचे नसूच."