कोसाइनला शून्य

बारावीला फिजिक्स शिकवणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे 'लंब' म्हणत. एक तर सर उंच आणि ताठ. शिवाय प्रकाशाचा धडा आला की त्यांची एकच टकळी सुरू व्हायची: "कोन लंबापासून मोजायचा, पाण्याच्या रेघेपासून नाही." हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. अडचण एवढीच, की यंदा त्यांची स्वतःची मुलगी त्यांच्याच वर्गात होती. घरचं माणूस म्हणून एक मार्क जास्त दिला असं कुणी म्हणू नये, म्हणून सर तिला दोन कमीच द्यायचे. याला ते निःपक्षपातीपणा म्हणत. तिची आई याला काय म्हणायची ते सर ऐकून न ऐकल्यासारखं करत.

चाचणीत पाच मार्कांचा एक प्रश्न होता. हवेत दिवा आहे, पाण्यात नाणं आहे. दिव्यापासून नाण्यापर्यंत प्रकाश कमीत कमी वेळात पोचतो, एवढं धरून चाला आणि तो पाण्यात शिरताना किती वळतो याचा नियम सिद्ध करा. प्रश्न सरांचा लाडका. सरळ रेघ सर्वात आखूड खरी, पण प्रकाश पाण्यात हळू चालतो. डांबरी रस्ता आणि चिखल दोन्ही तुडवायचे असतील, तर शहाणा माणूस डांबरीवरून थोडं जास्त चालतो आणि चिखलात कमी. किती जास्त आणि किती कमी, ते डेरिव्हेटिव्ह सांगतं. शेवटी दोन कोनांच्या साइनचं गुणोत्तर दोन वेगांच्या गुणोत्तराइतकं येतं.

मुलीच्या पेपरात शेवटच्या ओळीवर साइनच्या जागी कोसाइन होता. सरांनी शून्य दिलं आणि शून्याभोवती आणखी एक गोल काढला.

पेपर वाटायच्या दिवशी तेवढ्यावर भागलं असतं. पण सरांना चेव आला.

"आपल्या वर्गात एक नवा नियम सापडलाय," ते म्हणाले. "कोसाइनचा. ज्यांनी शोधला त्यांनी फळ्यावर यावं."

वर्ग खिदळला. मुलगी उठली आणि खडू घेऊन आकृती काढू लागली. पाण्याची आडवी रेघ. वर a उंचीवर दिवा, खाली b खोलीवर नाणं, दोघांमधलं आडवं अंतर d. दिव्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून x अंतरावर प्रकाश पाण्यात शिरतो. हवेतला तिरका रस्ता √(a² + x²), त्याला हवेतल्या वेगाने, v₁ ने, भागलं. पाण्यातला √(b² + (d − x)²), त्याला v₂ ने भागलं. दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण वेळ. मग x च्या मानाने डेरिव्हेटिव्ह घेऊन ते शून्य धरलं. सर हाताची घडी घालून उभे होते. सगळं बरोबर चाललं होतं आणि ती कधी घसरते याची ते वाट बघत होते.

फळ्यावर उरलं ते असं:

x / (v₁√(a² + x²)) = (d − x) / (v₂√(b² + (d − x)²))

"आता कोन," सर म्हणाले. "दाखव तुझा कोन."

तिने किरण आणि पाण्याची रेघ यांच्यामध्ये छोटी कमान काढली.

सरांनी हाताची घडी सोडली. कोन पाण्याच्या रेघेपासून मोजला, तर x ही त्याची लगतची बाजू आणि तिरका रस्ता हा कर्ण. लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कोसाइनच. लंबापासून मोजला असता तर तीच बाजू समोरची झाली असती आणि साइन आला असता. दोन्ही कोन मिळून काटकोन, त्यामुळे एकाचा साइन तोच दुसऱ्याचा कोसाइन. पोरीचा नियम तोच होता, फक्त कोन दुसऱ्या बाजूने धरलेला. आकृतीत तिने तसं दाखवलंही असणार. सरांनी आकृती पाहिलीच नव्हती. थेट शेवटची ओळ पाहून त्यांनी लाल पेन टेकवलं होतं.

मुलीने पुढची ओळ लिहायला हात उचलला आणि वळून वडिलांकडे पाहिलं. हात तसाच खाली आला.

"इथे चुकलं माझं, सर," ती म्हणाली. "कोन लंबापासून घ्यायला हवा होता."

सरांनी खरं सांगायला हवं होतं ते इथेच. तोंड उघडलंही. पण त्यातून निघालं ते भलतंच.

"मग? घरी विचारलं असतंस तरी सांगितलं असतं की."

वर्ग पोट धरून हसला. मुलगी जागेवर जाऊन बसली. सरांनी फळा पुसला, तोही नेहमीपेक्षा घाईने.

स्टाफरूममध्ये त्यांच्यापुढचा चहा गार झाला. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. चुकीची लाज एक वेळ पचली असती. पोरीने खोटं बोलून आपल्याला वाचवलं आणि आपण ते मुकाट्याने घेतलं, वर तिलाच टोमणा मारला, हे घशाखाली उतरेना. शेजारच्या गणिताच्या बाईंनी बरं नाही का म्हणून विचारलं. त्यांनी पित्तावर ढकललं.

संध्याकाळी मुलगी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. सर दारात जाऊन उभे राहिले.

"तू का थांबलीस? बरोबर होतं तुझं."

"माहितेय," ती चिमटे डब्यात टाकत म्हणाली.

"मग?"

"तुमचा चेहरा एकदम कसातरीच झाला, बाबा. मला बघवेना."

सरांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बायकोने आतून विचारलं, "अहो, काय झालं?" सरांनी काढलेले कपडे उचलून आत नेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरीही घेतली नाही. तीच आकृती फळ्यावर काढली, दोन्ही कोन दाखवले, एकातून साइन काढला, दुसऱ्यातून कोसाइन. मग वर्गाकडे तोंड केलं. कान तापले होते.

"काल जिला मी हसलो, तुम्हालाही हसायला लावलं, तिचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी. ती चुकलं म्हणाली, तेव्हा ती चुकलेली नाही हे मला कळलं होतं. तरी मी गप्प बसलो."

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "मग सर, तिचे मार्क?"

"पाचपैकी पाच," सर म्हणाले. आणि त्यांना जरा हलकं वाटलं.

मुलगी उभी राहिली. चाचणीचा पेपर तिच्या हातात होता.

"चार, सर."

"अगं, का?"

"डेरिव्हेटिव्ह शून्य आलं म्हणजे वेळ कमीत कमीच असेल असं नाही, जास्तीत जास्तही असू शकतो. दुसरं डेरिव्हेटिव्ह धन येतं हे दाखवायला हवं. मी दाखवलेलं नाही. बाकी सगळ्यांचा तुम्ही त्याबद्दल एक मार्क कापलाय."

सरांनी पुढे होऊन पेपर हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. तिचं हे उत्तर ते आत्ता कुठे पहिल्यांदा वाचत होते.