परिपाठाचं स्टूल

आमच्या हेडसरांचा विषय कोणता, हे मला त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढूनही कळलेलं नाही. कोणी म्हणतं इतिहास, कोणी म्हणतं नागरिकशास्त्र. माझं मत विचाराल तर त्यांचा विषय माइक. सकाळी हातात धरला की परिपाठ संपेपर्यंत सोडत नाहीत. मुलांनी त्यांचं नाव 'भोंगा' ठेवलंय. मुलांची अक्कल आपण समजतो त्यापेक्षा बरी असते.

मी गणिताचा. मला इंग्रजी स्पेलिंगबद्दल आदर कधीच नव्हता. आमच्याकडे एकदा नियम ठरला की ठरला. त्यांच्याकडे बोलायचं एक, लिहायचं भलतंच, आणि का असं विचारलं तर 'तसंच असतं'. त्यामुळे इंग्रजीच्या बाई स्टाफरूममध्ये जाडजूड डिक्शनरी घेऊन बसायच्या तेव्हा मी मनातल्या मनात नाक मुरडायचो. पेपर तपासताना दर पाच मिनिटांनी पानं उलटायच्या. ज्या बाईला स्वतःचा विषय पाठ नाही तिने तो शिकवावा कशाला, असं मला वाटे. बोलायच्याही इतक्या हळू, की दोन हात लांब बसलेल्याला ऐकू जाऊ नये.

पण हेडसरांच्या मानाने बाई देवमाणूस.

हेडसरांनी आल्या आल्या एक प्रथा सुरू केली. सोमवारच्या परिपाठात एका शिक्षकाने छोटं भाषण करायचं. भाषण संपलं की हेडसर कुणाही एका मुलाला स्टेजवर बोलावणार आणि फळ्यावर काहीतरी लिहायला लावणार. बरोबर आलं तर 'बस जागेवर'. चुकलं तर स्टेजच्या कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलावर उभं राहायचं, पहिल्या तासाची घंटा होईपर्यंत, सगळ्या शाळेसमोर. याला ते 'प्रोत्साहन' म्हणत. पालकसभेत या प्रोत्साहनाला टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानेही त्या स्टुलावर पाय ठेवला नव्हता.

एका सोमवारी आठवीतली एक मुलगी सापडली. वर्गात सगळ्यांत बुटकी, झिजून उरलेल्या तुकड्याएवढी, म्हणून तिला 'पेन्सिल' म्हणतात, आणि ती त्यावर हसते. हेडसरांनी शब्द दिला, एम्बॅरस, म्हणजे ओशाळं करणं. तिने लिहिला, पण आर एकच काढला. हेडसर माइकमध्ये खो खो हसले. "एम्बॅरसचं स्पेलिंग येत नाही ना? चढ स्टुलावर, अर्थ तरी कळेल!" अख्खी शाळा हसली. भोंगा हसला की हसायचं, हे इथे पहिलीपासून शिकवतात. शिक्षकही हसले. इंग्रजीच्या बाई हसल्या नाहीत. मीही हसलो नाही, पण त्यात मोठेपणा काही नाही. मी मागे बसून सहामाहीचे गुण मांडत होतो.

त्याच दिवशी पेन्सिलची 'एक-आर' झाली. गेटवर एक-आर, जिन्यात एक-आर, पाण्याच्या नळापाशी एक-आर. या नावावर मात्र ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेतच आली नाही.

आणि पुढच्या सोमवारी परिपाठाच्या आधी तिची आई दाखला काढायला ऑफिसात आली; मी गुणपत्रकं घ्यायला तिथेच होतो. बेकरीत काम करते, बाह्यांना अजून मैदा लागलेला. शेजारी पोरगी, मान खाली. हेडसर खुर्चीतून हललेही नाहीत.

"असं आहे ताई," ते म्हणाले, "आजकालच्या मुलांची कातडी फार पातळ. आमच्या वेळी मास्तर छड्या मारायचे, आम्ही काही शाळा सोडली नाही."

"ती रात्री जेवत नाही सर," आई म्हणाली. "दुसऱ्या शाळेत घालते. लांब आहे, पण घालते."

"घाला की! पण परिपाठ झाल्यावर या. आत्ता वेळ नाही. बाई," त्यांनी दारातल्या इंग्रजीच्या बाईंकडे पाहिलं, "आज तुमचं भाषण. विषय मी दिलाय ना? नेसेसरी आणि एम्बॅरस. ते शिकण्याचे कष्ट का घ्यायचे. जरा ठणकावून सांगा, काहींना गरज आहे."

बाहेर आल्यावर बाई पेन्सिलजवळ थांबल्या. "दाखला घेऊन जायचं तर जा. पण माझं भाषण तेवढं ऐकून जा. माझ्यासाठी. गेटपाशी उभी राहा, पुढे यायला नको."

पोरीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "ऐकू या. तसंही यांना वेळ नाहीये."

मी मनात म्हटलं, झालं. ही बाई आता मऊ मऊ बोलणार, पोरं जांभया देणार, आणि शाळेतली एक बरी मुलगी कमी होणार. भूमितीत तिच्यासारखी आकृती काढणारं दुसरं कोणी नव्हतं माझ्या वर्गात.

बाई काखेत डिक्शनरी घेऊन माइकपाशी गेल्या. हेडसरांनी तो नाइलाजाने सोडला, पण शेजारून हलले नाहीत.

"मुलांनो," बाई म्हणाल्या, "नेसेसरी आणि एम्बॅरस हे दोन शब्द कान लावून येत नाहीत. कानाला एम्बॅरसमध्ये एकच आर ऐकू येतो. म्हणून ज्याने एक आर लिहिला त्याने नीट ऐकलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. हे शब्द डोळ्यांनी बघावे लागतात, हाताने लिहावे लागतात, आणि विसरले की परत बघावे लागतात. कोणी जन्मतः शिकून येत नाही.

"नेसेसरीला तुमची रिसेस आठवा. रिसेसमध्ये सी एक आणि शेवटी एस दोन. नेसेसरीच्या पोटात तेच आहे, एक सी, दोन एस. एम्बॅरसमध्ये दोन्ही जोड्या, आर दोन आणि एसही दोन. घोळ होतो तो हॅरसमुळे, म्हणजे छळणं. त्यात एस दोन, पण आर एकच. दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून बघा, मग फरक डोळ्यात बसेल.

"तुम्ही म्हणाल, मोबाइल सुधारून देतो, मग कशाला? परीक्षेच्या पेपरात मोबाइल नसतो. आणि वाचणारा माणूस चुकीच्या अक्षरापाशी अडखळतो. तुमचं म्हणणं कितीही चांगलं असो, त्याचं लक्ष चुकीवर जातं. हे अन्यायाचं आहे, पण आहे. म्हणून कष्ट घ्यायचे.

"पण मला विचाराल तर खरं कारण वेगळं आहे. हे शब्द शिकताना एक सवय लागते. खात्री नसेल तर थांबायचं, 'मला नक्की माहीत नाही' म्हणायचं, आणि बघायचं. ही सवय पुढे सगळीकडे उपयोगी पडते. चुकणाऱ्याला ती लागू शकते. जो चुकणाऱ्याला हसतो त्याला लागत नाही, कारण तो फळ्यापाशी कधी जातच नाही."

पोरं चुळबुळायची थांबली होती. मी मांडीवरची गुणपत्रकं खाली ठेवली.

हेडसरांनी माइक ओढून घेतला. "वा, वा. छान. आता बघू कोणाच्या डोक्यात काय शिरलं." त्यांची नजर फिरत फिरत गेटपाशी गेली आणि चेहरा खुलला. माणूस किती खालच्या पायरीवर उतरू शकतो याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. हे गृहस्थ जिना उतरून तळघरात गेले. "अरे, ती बघा! आपली एक-आर आलीये! ये, ये वर!"

पोरीने आईचा हात घट्ट धरला.

"सर," बाई म्हणाल्या, "आज आधी मी."

त्या फळ्यापाशी गेल्या. एम्बॅरस लिहायला घेतला, मधेच थांबल्या. डिक्शनरी उघडली, अख्ख्या शाळेसमोर. पान शोधलं, बोट ठेवलं, पाहिलं, मग शब्द पुरा केला. इंग्रजी शिकवणाऱ्या बाई, आणि डिक्शनरी बघतात! स्टाफरूममध्ये मी ज्याला नाक मुरडत होतो तेच.

"मी अजून बघते," त्या म्हणाल्या आणि खडू हेडसरांपुढे धरला. "आता तुम्ही, सर. नेसेसरी."

"अहो, मी? मी प्रशासनाचा माणूस."

पहिल्या रांगेतलं, दुसरीच्या वर्गातलं एक पोर मनापासून ओरडलं, "सर, डिक्शनरी देऊ का?"

आता मागे हटणं शक्य नव्हतं. बाईंनी पुढे केलेली डिक्शनरी तर त्यांनी हाताने बाजूला सारली. मोठा माणूस ना! खडू घेतला, टाचा उंचावल्या आणि फळ्याच्या अगदी वरच्या कडेला, ऐटीत, नेसेसरी लिहिलं. सी दोन ठोकले आणि एस एक.

इतकी मुलं आणि कोणी हसलं नाही. बाईंनी नुकतंच काय सांगितलं होतं ते पोरांना आठवत होतं. हसू फुटायला फक्त मी उरलो होतो आणि मी ते गिळलं.

हेडसरांनी फळ्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. काहीतरी गडबड आहे हे त्यांना कळलं, पण काय ते कळेना. "आमच्या वेळी," ते माइकमध्ये म्हणाले, "असंच होतं."

मुलांच्या नजरा एक एक करून कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळल्या. प्रथा म्हणजे प्रथा. हेडसरांनीही तिकडे पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले.

तेवढ्यात गेटपासून पावलं वाजली. पेन्सिलने आईचा हात सोडला होता. रांगांमधून चालत ती स्टेजवर आली. बाईंच्या हातातली डिक्शनरी मागून घेतली, पान काढलं, नीट पाहिलं. मग फळ्याकडे गेली आणि हात वर केला. हेडसरांचा शब्द फार उंचावर होता. तिचा हात पोचेना.

ती वळली. कोपऱ्यात गेली, स्टूल उचललं, फळ्याखाली आणून ठेवलं आणि त्यावर चढली. एक सी पुसला. एक एस घातला. उतरून तिने हात झटकले.

"बरोबर आहे ना बाई?"

"तू बघितलंस ना? मग बरोबर."

घंटा झाली. हेडसर कुणाचा तरी फोन आल्यासारखे ऑफिसकडे निघाले. फोन त्यांच्या टेबलावरच होता, मी पाहिला होता. पेन्सिलची आई त्यांच्या मागे गेली नाही. गेटपाशीच उभी राहून तिने बाह्यांवरचा मैदा झटकला.

"दाखला?" तिने लेकीला विचारलं.

"नको," पेन्सिल म्हणाली. "पहिला तास गणिताचा आहे. उशीर झाला तर सर दारात उभं करतात."

करायचो. गेली कित्येक वर्षं करत आलो होतो. त्या दिवशी ती वर्गात उशिराच आली, आणि दारात थांबून माझ्याकडे बघत राहिली. मी सगळ्या वर्गासमोर तिला आत बोलावलं, आणि त्या दिवसापासून दारात कोणालाच उभं केलं नाही.