मागचं

आमच्या घरात ‘मागे’ म्हटलं की कोणी वळून बघत नाही. मागे म्हणजे सासूबाईंचं घर. दुकानापासून दोन गल्ल्या सोडून, पिठाच्या गिरणीला वळसा घातला की येतं. पूर्वी सगळं कुटुंब तिथंच राहायचं. आम्ही दुकानाच्या वर राहायला आलो आणि जुनं घर ‘मागचं’ झालं. तिथे आता सासूबाई राहतात आणि आमचा माल राहतो. दोघांपैकी जागा जास्त कोणाला, हे न विचारलेलंच बरं.

आमचं दुकान शिवणकामाच्या सामानाचं. दोरा, बटणं, लेस, चेन, अस्तराचे तागे. माल बँकेकडे तारण, म्हणजे राहतो आमच्याकडे पण हक्क बँकेचा, आणि त्यावर कर्जाची मर्यादा ठरलेली. दरवर्षी तिचं नूतनीकरण होतं आणि दरवर्षी बँक एकच गोष्ट आठवणीनं मागते. मालाचा विमा आहे ना, तो दाखवा. आमचे हे पॉलिसीची प्रत नेऊन देतात, त्यावर शिक्का बसतो, विषय मिटतो. यंदा मात्र बँकेत नवीन बाई आल्या होत्या आणि त्यांना कागद वाचायची सवय होती.

बाईंनी पॉलिसी पाहिली. मुदत शाबूत, रक्कम मालाला पुरेशी, बँकेचं नावही घातलेलं. मग त्यांनी विचारलं, माल नक्की कुठे असतो? पॉलिसीत ‘दुकान व मागील खोली’ असं आहे. ह्यांनी छातीठोकपणे सांगितलं, थोडा दुकानात, बाकी सगळा मागेच. खोटं नव्हतं ते. विमा काढणाऱ्या एजंटलाही पहिल्या वर्षी असंच सांगितलं होतं, आणि त्या बिचाऱ्यानं मराठी माणसाला कळतं तेच लिहून घेतलं.

मर्यादेची मुदत महिनाअखेर संपत होती. सणासुदीच्या मालासाठी दोऱ्याच्या कारखान्याला चेक देऊन ठेवले होते. नूतनीकरण अडकलं तर ते चेक परत जाणार आणि बाजारात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. त्यामुळे बाई माल तपासायला येणार म्हटल्यावर मी दुकान लख्ख केलं. बाई सरळ आत गेल्या आणि दुकानाच्या मागच्या खोलीचं दार ढकललं. आत ह्यांची दुपारच्या झोपेची खाट, एक फिरणारा आणि एक न फिरणारा पंखा, आणि मोडकं शिलाई मशीन.

“माल?” बाईंनी विचारलं.

“मागे,” हे म्हणाले.

“ही मागची खोली ना?”

“ही नाही. मागे.”

असं थोडा वेळ चाललं. मला हसू आवरेना, पण बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते विरलं. त्या रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. त्या शांतपणे म्हणाल्या की इतकी वर्षं तुम्ही या खाटेचा विमा भरताय. तिकडे आग लागली असती तर कंपनीनं हात वर केले असते, आणि कर्ज मात्र फेडावंच लागलं असतं.

गिरणीपर्यंतच्या वाटेत त्यांनी उपायही सांगितला. एक तर पॉलिसीत दुसरा पत्ता घालून घ्या. कंपनी विचारेल, पाहणीही करेल. तिथे कोणी राहत असेल, स्वयंपाक होत असेल, तर अस्तराच्या ताग्यांशेजारी शेगडी त्यांना चालेलच असं नाही. नाहीतर जिथे विमा आहे तिथे माल न्या. एकतर कागद बदला, नाहीतर जागा. हे मान डोलावत होते. त्यांना त्या शेगडीचीच धास्ती बसली होती, हे मला तेव्हा कळलं असतं तर मी मध्येच बोलले असते.

मागच्या घराचं दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत छतापर्यंत तागे, त्यांच्यामधून एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट, आणि ती वाट कुठे जाते ते इथून दिसत नव्हतं. बाईंनी नजर फिरवली.

“इथे कोण राहतं?”

“कोणी नाही,” हे म्हणाले.

मी आमच्या ह्यांना बावीस वर्षं ओळखते. माणूस खोटं बोलणारा नाही. चेकच्या भीतीनं ते तोंडातून निघालं आणि निघताक्षणी त्यांचा चेहरा पडला. पण शब्द काय, ताग्यांवरून पलीकडे जायचा तो गेला. आत भांडं वाजत होतं, ते थांबलं.

मग त्या तिरक्या वाटेनं सासूबाई आल्या, एका हातानं तागे चाचपत, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. बाईंना पाणी दिलं आणि अगदी कामाच्या सुरात म्हणाल्या, “मी इथली राखणदार.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई पाणी प्यायल्या. पेला परत देताना त्यांनी खिडकीत वाळत घातलेलं लुगडं पाहिलं, कोनाड्यातली औषधं पाहिली, आणि सासूबाईंचं नाक पाहिलं असणार, कारण ते नाक आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर जसंच्या तसं आहे.

“रात्री पण इथंच असता?” त्यांनी विचारलं.

“मी गेले तर माल कोण बघणार?”

बाईंनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. ह्यांच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “माल हलवा. राखणदार राहू देत.” मग म्हणाल्या, माल जागेवर लागला की कळवा, पुन्हा येऊन पाहीन आणि मगच प्रस्ताव पुढे पाठवीन.

परत येताना गिरणीपाशी ह्यांनी विचारलं, “आईनं ऐकलं असेल का गं?” ताग्यांना कान नसतात, आईला असतात, असं मी म्हटलं. जरा लागेल असंच म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी खाट वर गेली, मशीन भंगारात गेलं आणि दुकानामागच्या खोलीत माल ठेवायला लाकडी घोडे ठोकले. हातगाडीच्या खेपांवर खेपा झाल्या. जे मावेना ते ह्यांनी दोन शिंप्यांना घाऊक, पडेल भावात देऊन टाकलं. बाई आल्या, माल मोजला, पॉलिसीशी ताडून पाहिला. महिनाअखेरीच्या आत नूतनीकरण झालं आणि आमचा जीव भांड्यात पडला.

शेवटची खेप निघाली तेव्हा मी मागेच होते. बाहेरची खोली इतकी मोठी होती हे मी विसरूनच गेले होते. मधल्या खिडकीतून ऊन थेट आत आलं होतं. हे फरशी पुसत होते, आईकडे न बघता. पुसता पुसताच म्हणाले, “आई, त्या दिवशी मी...”

“झालं गेलं,” सासूबाई म्हणाल्या. “चांगलं मोकळं झालं घर.” मग म्हणाल्या, “माल होता तर दिवसातून दोनदा तरी यायचास.”

त्यात टोमणा नव्हता. हिशेब सांगावा तसं सांगितलं त्यांनी. ह्यांचा हात फरशीवर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक होतं. पांढरा दोरा हवा होता. मी मागच्या खोलीतून रीळ आणलं आणि पाहते तर हे पायात चपला सरकवत होते.

“दोरा आणला मी,” मी म्हटलं. “निघालात कुठे?”

“मागे,” हे म्हणाले, आणि रिकाम्या हातांनी गिरणीच्या दिशेनं चालू लागले.