सहज दिसायचे नियम

सहज दिसा, असं कागदावर तुम्हीच छापून देता आणि मग माणसाचा अर्धा चेहरा तुम्हीच खोडून टाकता. लग्नं जुळवणाऱ्या त्या कार्यालयातल्या बाईंना हे आजवर कुणी तोंडावर सुनावलं नव्हतं. चिझुरूनं सुनावलं.

चिझुरू ओनोदेरा सदतीस वर्षांची. जपानमधल्या सेन्दाई शहरात बापाच्या न्हावीदुकानात दुसरी खुर्ची तिची. बघण्याच्या कार्यक्रमाआधी मुली तिच्याकडेच चेहऱ्यावरची लव काढून घ्यायला येतात, म्हणजे पावडर कशी नीट बसते. या वेळी गरम टॉवेलाखाली ती स्वतः होती, आणि वस्तरा बापाच्या हातात होता. शुक्रवारीच, कारण भेट सोमवारी. लाली उतरायला तीन दिवस लागतात.

"हलू नकोस. तुझ्या आईला बघायला गेलो तेव्हा मी सकाळी दाढी केली होती. हनुवटीला कागदाचे दोन तुकडे चिकटवून गेलो."

"तरी हो म्हणाली?"

"दया आली असेल. तू कागद लावून जाऊ नकोस म्हणजे झालं."

हा सातवा मुलगा. आधीच्या सहांच्या वेळी तिनं कार्यालयाचे छापील नियम पाळले होते. फिका झगा, दुधी नखं, अर्धे मोकळे केस, ओठांवर हसू आणि दिसण्याबद्दल चकार शब्द नाही. त्या सहांपैकी एकाचाही चेहरा तिला आज आठवत नव्हता. या सातव्याच्या माहितीपत्रात मात्र एक ओळ होती: 'रविवारी आईचे केस मी धुतो.' त्या ओळीसाठी तिला हा माणूस हवा होता.

हे सातवे, शिगाकी-सान, ग्रंथालयात कामाला. ग्रंथालय आणि न्हाव्याचं दुकान, दोन्हींची सुट्टी सोमवारी. हॉटेलच्या चहाच्या दालनात ते आधीच येऊन थांबले होते. नवा सूट, कोरलेल्या भुवया. मान मात्र प्लॅस्टरमध्ये घातल्यासारखी. बसतानाही त्यांनी डावी बाजू भिंतीकडे ठेवली.

चिझुरूनं एका नजरेत ओळखलं. डाव्या गालापासून कॉलरपर्यंत मेकअपचा जाड लेप, तोही नुकत्याच केलेल्या दाढीवर. हा टिकायचा नाही. भेटीचा एक तास निभला पाहिजे, एवढंच तिच्या मनात. ती पावसाबद्दल बोलली, ते पावसाबद्दल बोलले. तिनं आईबद्दल विचारलं, तर "बरी आहे" म्हणून ते थांबले. जूनची दमट हवा. त्यांच्या कानाखालून घामाचा एक थेंब निघाला. तिची नजर त्याच्यावर खिळली. थेंब जबड्याशी आला.

त्यांनी नकळत हात पुसायचा ओला टॉवेल उचलला आणि मानेवरून फिरवला.

टॉवेल तपकिरी झाला. गालावरचा जन्मखुणेचा डाग अर्धा उघडा पडला, जांभळट लाल, तळहाताएवढा. शिगाकी-सान टॉवेलाकडे बघतच राहिले.

"फोटोत नव्हता," ते म्हणाले. "कार्यालयवाल्यांनी पुसला. म्हणाले, भेटीतही फोटोसारखंच दिसायला हवं. तुम्ही उठून गेलात तरी चालेल."

दिसण्याबद्दल बोलू नये. नियम चौथा.

"सकाळी दाढी केलीत आणि लगेच हे थापलंत," चिझुरू म्हणाली. "मग राहील कसं? आता उरलेलंही पुसा. अर्धवट वाईट दिसतं." तिनं आपला टॉवेल पुढे सरकवला. "दाढी कोण करतं तुमची?"

"मीच. आरशासमोर दुसऱ्याच्या हाताखाली बसवत नाही."

"उलट्या दिशेनं ओढता. गळ्यावर तीन ठिकाणी कापलंय."

ते हसले, आणि मान मोकळी झाली. आईचे केस धुताना साबण तिच्या डोळ्यांत जातो आणि ती त्यांना शिव्या देते, हे त्यांनी सांगितलं. तास संपून वर वीस मिनिटं गेली, ती दोघांच्याही ध्यानात आली नाहीत.

उत्तर दुसऱ्या दिवशी एकच्या आत द्यायचं असतं. दोघांचे होकार जुळल्याशिवाय फोन नंबर मिळत नाहीत. चिझुरूनं दुकान उघडतानाच होकार कळवला. दीड वाजता बाईंचा फोन आला.

"त्यांच्याकडून नकार आहे. तुम्ही जरा जास्तच मोकळ्या वागलात."

"असं ते म्हणाले?"

"त्यांनी रात्रीच आम्हाला कळवलं, डाग उघडा पडला म्हणून. तेव्हा आम्हीच सुचवलं की तुमचा नकार यायच्या आधी त्यांनीच नकार दिलेला बरा. माणसाचा मान राहतो. असल्या वेळी मुलीचा होकार येत नाही, आमचा अनुभव आहे."

"माझा होकार नऊला आला होता."

"तोवर त्यांचा नकार नोंदवून झाला होता."

बापानं गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून धरला. मग चिझुरू बोलली. छापलेल्या कागदाबद्दल, फोटोबद्दल आणि त्या तपकिरी टॉवेलाबद्दल बोलली. बाई म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखे.

"नियम राहू द्या," चिझुरू म्हणाली. "मी एकच विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवणार नाही. माझा होकार तुम्ही त्यांना सांगितलात का? हो की नाही?"