मुक्कामाचं बिल

हिंमतरावाचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं, आणि तापवलं होतं एका परिपत्रकानं.

मलकापूरच्या एका सहकारी जिनिंग सोसायटीत तो हेडक्लार्क. प्रवासाची उचल घेऊन गेलेल्या माणसानं परत आल्यावर बिलं कशी द्यायची, उरलेली रोकड कुठं भरायची, हे नोकरांना कळावं म्हणून मॅनेजर माणिकरावांनी परिपत्रकाचा मसुदा लिहिला होता. "भाषा तेवढी सुधारा, हिंमतराव. उद्या बोर्डावर लागलं पाहिजे," एवढं बोलून ते मोकळे झाले.

हिंमतराव कामाला लागला. 'रेल्वेचे तिकीट जोडावे' हे त्यानं आधी खोडलं. अरे, तिकीट तर उतरल्याबरोबर फाटकावरचा बाबू काढून घेतो, मग जोडायचं काय, कपाळ? तिथं 'तिकिटाचा नंबर व भाडे लिहावे' असं केलं. टांगेवाला काही पावती देत नाही, म्हणून त्या खर्चाला स्वतःच्या सहीचा दाखला चालेल असं घातलं. उरलेली रोकड सात दिवसांत रोखपालाकडे भरावी, पावती घ्यावी आणि तिचा नंबर हिशेबावर टाकावा, ही ओळ त्यानं मोठ्या अक्षरात वेगळी काढली. इथवर सगळं ठीक चाललं होतं.

मग आलं पाचवं कलम. 'मुक्काम केल्यास लॉजचे बिल सक्तीचे. त्याशिवाय हिशेब मंजूर होणार नाही व संपूर्ण उचल पगारातून कापली जाईल.'

हे कलम कोणासाठी होतं ते अख्ख्या कचेरीला माहीत होतं. गोदामावरचा नोकर, वडनेर भोलजीचा पंजाबराव, कापसाचे नमुने घेऊन नागपूरला जायचा. मावशीकडे उतरायचा, तिच्याकडेच जेवायचा आणि अर्ध्याहून जास्त उचल परत आणायचा. त्याच कामाला त्याच नागपूरला माणिकराव गेले की उचल पुरायची नाही, वरून आणखी पैसे निघायचे. दोघांचे हिशेब एका फायलीत आले म्हणजे सोसायटीची कमिटी विचारणारच ना? म्हणून या खेपेला माणिकरावांनी पंजाबरावाच्या हिशेबावर सहीच केली नाही. सही नाही म्हणून रोखपाल रोकड घेईना. सोसायटीचे पैसे कमरेला धोतराच्या कडोसरीत खोचून बिचारा हिंडत होता, आणि इकडे पूर्ण उचल त्याच्या पगारातून कापायचं ठरलं होतं. तेही दिवाळीच्या तोंडावर, लेक शालू बाळंतपणाला घरी आलेली असताना.

हिंमतरावानं पंजाबरावाला गोदामातून बोलावलं आणि सगळं परिपत्रक वाचून दाखवलं.

"समजलं का, पंजाबभाऊ?"

"हाव, समजलं," पंजाबराव शांतपणे म्हणाला. "म्हंजे आता खोटं बिल आणा लागते. स्टेशनाजवळचा लॉजवाला चार आण्यात देते म्हणतात. मावशीकडं झोपू का नको, मंग?"

हिंमतरावाच्या अंगाची लाही झाली. हा माणूस चिडला असता, रडला असता तरी चाललं असतं. पण तो शिकवलेला धडा सांगावा तसं बोलत होता. आणि तो धडा हिंमतराव सुवाच्य अक्षरात लिहून देत होता! थू असल्या हेडक्लार्कीवर.

त्यानं पाचव्या कलमाखाली एक ओळ घातली आणि स्वच्छ प्रत माणिकरावांपुढे सहीला ठेवली.

माणिकराव वाचता वाचता थांबले. "हे काय? 'नातेवाइकाकडे राहिलेल्या नोकराने लॉजवाल्यास चार आणे देऊन बिल करून घ्यावे.' डोकं फिरलं काय तुमचं?"

"नोकरायले कळलं पाहिजे, असं तुम्हीच म्हणाले, साहेब. तुमच्या कलमाचा अर्थ एवढाच होते. मी तो सोपा करून लिहिला."

"भाषा सुधारा म्हटलं होतं मी."

"सुधारली की. करा सही. नसन करायची तर तुमची न् माझी, दोन्ही ओळी काढा. पण पंजाबरावाचा पगार कापला, तर मी हा कागद असाच कमिटीपुढं वाचीन, आणि संगं नागपूरची फाईल ठेवीन. तुमच्या बिलायसकट."

माणिकरावांनी दौत पुढं ओढली. मग त्यांनी दोन्ही ओळींवर काट मारली, आणि हिंमतराव सांगत गेला तसं लिहिलं: 'नातेवाइकाकडे राहिल्यास तसे लिहून सही करावी. बिलाची गरज नाही.' पंजाबरावाच्या हिशेबावरही सही झाली.

संध्याकाळी पंजाबरावानं कडोसरीतून नोटा काढल्या. घामानं ओल्या झालेल्या त्या नोटा रोखपालानं मोजल्या आणि पावती फाडून दिली. पंजाबरावानं ती दोनदा वाचून घेतली. "आता मले कोणी चोर म्हणणार नाही ना?" त्यानं विचारलं. हिंमतरावानं मान खाली घालून पावतीचा नंबर हिशेबावर टाकला.

पुढच्या महिन्यात माणिकराव नागपूरला जाऊन आले. त्यांचा हिशेब हिंमतरावाच्या टेबलावर आला, त्याला रोकड परत भरल्याची पावती जोडलेली होती. हिंमतरावाला आनंद व्हायला पाहिजे होता, पण संतापच आला. इतक्या वर्षांत नागपूर पहिल्यांदाच स्वस्त झालं होतं.